दुभाषीमार्फत झालेल्या बोलण्याचा सारांश कसा लिहायचा: उताऱ्यातला ‘मी’ नक्की कोण?

मिरकरवाडा, हर्णै, नाटे, कुठल्याही जेटीवर गेलात तरी बोटीवर नेपाळी खलाशी दिसतातच, आणि आंब्याच्या बागांत राखण करणारे गुरखे तर रत्नागिरीपासून देवगडपर्यंत सगळीकडे आहेत. यांच्यातल्या कोणाचा पगार अडकला, कोणाला इजा झाली की एखाद्या संस्थेचा किंवा युनियनचा माणूस जाऊन बोलतो, मध्ये कोणीतरी दुभाषी असतो, बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड होतं, मग कोणीतरी ते टाइप करतं आणि शेवटी तो उतारा तुमच्यासारख्या नवीन माणसाच्या हातात येतो की ‘याचा एका पानाचा सारांश करून दे’. हा लेख त्या एका पानाबद्दल आहे.

अडचण अशी की उताऱ्यात सगळीकडे ‘मी’ आणि ‘मला’ असतं आणि त्यातला निम्मा ‘मी’ खलाशाचा नसतो. कोर्टात किंवा मोठ्या परिषदेत शिकलेले दुभाषी असतात, त्यांचा नियम ठरलेला असतो, बोलणारा ‘मी’ म्हणाला तर तेही ‘मी’च म्हणतात आणि स्वतःचं काही सांगायचं असेल तर ‘दुभाषी विचारतेय’ असं तिसऱ्या माणसाबद्दल बोलल्यासारखं बोलतात. कोर्टात तर दुभाष्याला 1969 च्या शपथ कायद्याखाली शपथही घ्यावी लागते. आपल्याकडे जेटीवर मदतीला येते ती कोणाची तरी वहिनी किंवा ताई, जी लग्न होऊन इकडे आली, वीस घरची कामं करून मराठी शिकली, तिला हा नियम कोणी सांगितलेलाच नसतो. ती कधी त्याच्या तोंडून बोलते, कधी ‘तो म्हणतो’ करते, कधी स्वतःचंच सांगते, आणि एका श्वासात तिन्ही. यात तिचा काही दोष नाही, फुकट येऊन दोन तास बसते हेच खूप आहे. पण टाइप करणारा सगळ्याला ‘दुभाषी:’ असं एकच लेबल लावतो आणि तिथून गोंधळ सुरू होतो.

सारांशाला हात लावायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या. दुभाषी कोण आहे, बाई की बाप्या, आणि तिचा या धंद्याशी स्वतःचा संबंध आहे का (नवरा बोटीवर होता का, भाऊ बागेत आहे का). रेकॉर्डिंग अजून आहे का. आणि उताऱ्यात नेपाळी बोलणं कुठे आलं त्याची नोंद आहे का, म्हणजे ‘[नेपाळी, 20 सेकंद]’ असं काहीतरी. तिसरी गोष्ट नसेल तर टाइप करणाऱ्याकडे उतारा परत पाठवा आणि ती नोंद घालून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ती नसताना पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. नेपाळी कळत नसलं तरी चालतं, फक्त कुठे सुरू झालं, किती वेळ चाललं आणि मराठी कधी आलं एवढंच टिपायचं.

आता एक तुकडा घेऊ. हा मी शिकवायसाठी रचलेला आहे, पण खरे उतारे अगदी असेच दिसतात. बोलणारा तरुण खलाशी, पुरुष. दुभाषी बाई, तिचा नवरा आधी बोटीवर होता. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा मुख्य. ओळींना नंबर घातलेत, तुम्हीही तुमच्या उताऱ्याला घाला, नंतर फार कामाला येतात.

14. प्रश्न: पगार किती ठरला होता?
15. [नेपाळी, 22 सेकंद]
16. दुभाषी: महिन्याला पंधरा हजार ठरले होते. दोन महिने मिळाले, मग नाही मिळाले.
17. प्रश्न: उचल घेतली होती का?
18. दुभाषी: हो, उचल तर सगळेच घेतात. आम्ही पण घेतली होती, दहा हजार, गावाला जायच्या आधी.
19. प्रश्न: नाही, याने घेतली का?
20. [नेपाळी, 9 सेकंद]
21. दुभाषी: हो घेतली. पाच हजार.
22. प्रश्न: हाताला कसं लागलं?
23. [नेपाळी, 48 सेकंद]
24. दुभाषी: विंचवर दोरी ओढताना हात आत गेला. मी ओरडलो, तांडेलने मशीन बंद केली. मग मला दवाखान्यात नेलं. तो म्हणाला खर्च मी देतो. मी त्याला विचारलं पट्टी कोणी बांधली, तर म्हणाला जेटीवरच्या एका माणसाने.
25. प्रश्न: मग खर्च दिला का?
26. [नेपाळी, 6 सेकंद]
27. दुभाषी: नाही दिला. मला वाटतं थोडे दिले असतील, पण हा सांगायला घाबरतोय.

घाईत वाचणारा माणूस यातून काय लिहील ते आधी बघा: ‘खलाशाने दहा हजार आणि पाच हजार अशी उचल घेतली होती. तांडेलने दवाखान्याचा खर्च देतो असं सांगितलं. थोडा खर्च दिला असावा.’ तीन वाक्यं आणि तिन्ही चुकीची किंवा निदान सिद्ध न होणारी. आणि हे पान बोटमालकाच्या हातात गेलं की तो म्हणणार, बघा त्याने स्वतःच कबूल केलंय की पंधरा हजार उचल घेतली आणि खर्चही मिळाला.

पहिलं काम म्हणजे उतारा प्रिंट करून समासात खुणा करायच्या. प्रत्येक वाक्यासमोर, लक्षात घ्या वाक्यासमोर, अख्ख्या ओळीसमोर नाही, कारण ओळ 24 सारख्या एका ओळीत माणसं बदलतात. खुणा चारच पुरतात: ‘ख’ म्हणजे खलाशाचं म्हणणं दुभाषीच्या तोंडून, ‘दु’ म्हणजे दुभाषीचं स्वतःचं, ‘इ’ म्हणजे इतर कोणाचं तरी बोलणं जे खलाशी सांगतोय, आणि ‘?’ म्हणजे कळत नाही. चौथी खूण करायला लाजू नका, भरपूर वापरा. नवीन लोकांना वाटतं ‘?’ जास्त आले तर आपल्याला काम जमत नाही असं दिसेल. उलट पहिल्या वाचनात ‘?’ एकही नसला तर तो उतारा नीट वाचला गेलाय यावर मी विश्वास ठेवत नाही.

आता खूण कशी ठरवायची. सगळ्यात भरवशाची खूण शब्दात नसते, ती क्रमात असते. मराठी प्रश्नानंतर नेपाळी बोलणं झालंच नाही आणि ताईने थेट उत्तर दिलं, तर ते उत्तर तिचं. ओळ 17 आणि 18 बघा, मध्ये ‘[नेपाळी]’ नाही, म्हणजे तिने त्याला विचारलंच नाही, ती स्वतःच्या घरचं सांगतेय, ते दहा हजार तिच्या नवऱ्याचे. प्रश्न विचारणारा शहाणा होता म्हणून ओळ 19 मध्ये त्याने परत विचारलं आणि खरा आकडा, पाच हजार, ओळ 21 मध्ये आला. हे नेपाळी नोंदीशिवाय सापडलं नसतं, म्हणून मघाशी उतारा परत पाठवा म्हटलं.

दुसरी खूण आहे क्रियापदाची. आपल्या मराठीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ वेगळं होतं, त्यामुळे दुभाषी बाई आणि बोलणारा पुरुष असला (किंवा उलटं) तर ‘मी’ कोणाचा ते शेपटीवरून कळतं. ओळ 24 मध्ये ‘मी ओरडलो’ आहे, ताई ‘ओरडले’ म्हणाली असती, म्हणजे हा खलाशी. पण यावर डोळे झाकून विसंबू नका. एक तर मराठी नंतर शिकलेली बाई ‘ओरडलो-ओरडले’ मध्ये गडबडू शकते, किंवा तीन वाक्यं त्याच्या तोंडून बोलता बोलता स्वतःबद्दल पण ‘गेलो’ म्हणून जाते. आणि दुसरं, सगळ्या क्रियापदांत हा फरक दिसतच नाही. ‘मी विचारलं’, ‘मी पैसे घेतले’, ‘मला नेलं’, ‘मला वाटतं’, यात बाई की बाप्या काही कळत नाही, आणि नेमकी पैशाची वाक्यं बहुतेक अशीच असतात. दोघंही पुरुष किंवा दोघीही बायका असतील तर ही खूण सोडूनच द्या.

तिसरी खूण, बोलणाऱ्याचा उल्लेख ‘हा’ किंवा ‘तो’ असा येतो का. ओळ 27 मध्ये ‘हा सांगायला घाबरतोय’ आहे, खलाशी स्वतःला ‘हा’ म्हणणार नाही, म्हणजे त्या वाक्यातला ‘मला वाटतं’ ताईचा. ‘नाही दिला’ एवढंच खलाशाचं, पुढचं सगळं तिचं मत. ओळ 24 मध्ये ‘मी त्याला विचारलं पट्टी कोणी बांधली’, इथे ‘त्याला’ म्हणजे खलाशाला, ‘मी’ म्हणजे ताई, हा तिने मधल्यामधे स्वतःहून विचारलेला प्रश्न आहे. यावरून अजून एक गोष्ट कळते की त्या 48 सेकंदांत खलाशी एकटा बोलत नव्हता, त्यांचं आपसात बोलणं चाललेलं. तेवढं समासात लिहून ठेवा.

मग उरतो तो खरा चकवा: ‘तो म्हणाला खर्च मी देतो’. ओळ 24 मध्ये तीन ‘मी’ आहेत आणि तिन्ही वेगळी माणसं आहेत, पहिला खलाशी, तिसरा दुभाषी, आणि मधला हा, जो यातला कोणीच नाही. कोणी खर्च देतो म्हटलं? मागच्या वाक्यांत नाव आलं तांडेलचं, म्हणून वाचणारा तांडेल धरतो. पण खर्चाची गोष्ट बोटीवर बहुतेक मालक बोलतो, तांडेल नाही. आणि हक्काच्या दृष्टीने यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण मालकाने कबूल केलं असेल तर ते त्याच्याकडून मागता येतं, तांडेल बोलला असेल तर मालक म्हणणार मी कुठे बोललो. इथे ‘इ?’ अशी खूण करा आणि रेकॉर्डिंग लावा.

नेपाळी येत नसलं तरी रेकॉर्डिंगमध्ये दोनतीन शब्द कान देऊन ऐकता येतात. ‘साहु’ म्हणजे मालक, शेठ. ‘मैले’ म्हणजे ‘मी’ (मी केलं, मी घेतलं यातला). आणि वाक्याच्या शेवटी येणारा ‘रे’. हा आपला ‘काय रे’ मधला रे नाही, नेपाळीत तो ‘असं म्हणे’ या अर्थाने लागतो, म्हणजे दुसऱ्याकडून कळलेली गोष्ट. समजा ते 48 सेकंद ऐकताना तुम्हाला ‘साहु’ ऐकू आलं आणि त्याच वाक्याच्या शेवटी ‘दिन्छु रे’, म्हणजे ‘देतो म्हणे’, असं वाटलं, तर दोन शक्यता एकदम उभ्या राहतात, एक की खर्च देतो म्हणणारा मालक आहे, दुसरी की खलाशाने ते मालकाच्या तोंडून ऐकलेलंच नाही, कोणीतरी येऊन सांगितलं. आता तरी घाई करून ‘मालक म्हणाला’ लिहू नका. अर्धवट कळलेल्या भाषेवरून निकाल देणं हे दुभाषीच्या गोंधळापेक्षा वाईट. त्याचा उपयोग फक्त नीट प्रश्न तयार करायला करायचा.

आणि प्रश्न दुभाषी ताईलाच विचारा, फोनवर चालेल, पण तिच्या तोंडात उत्तर घालू नका. ‘खर्च देतो असं मालक म्हणाला ना?’ हा चुकीचा प्रश्न, ती हो म्हणणार, तिला वाटणार तुम्हाला तेच हवंय. ‘ताई, तुम्ही त्या दिवशी म्हणालात की खर्च मी देतो, ते कोण कोणाला म्हणालं, त्याने काय सांगितलेलं आठवतंय?’ असं विचारा. तिला आठवत नसेल तर तो तुकडा तिला ऐकवा. तरी नक्की झालं नाही तर तिला घेऊन खलाशालाच विचारा, आणि इथे आपल्याकडची वेळेची भानगड लक्षात ठेवा: 1 जूनपासून पावसाळी मासेमारी बंदी लागते, बोटी वर ओढल्या जातात, सीझनचा हिशोब होतो आणि बरेच खलाशी गाव गाठतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात हातात आलेला उतारा जूनमध्ये वाचायला घेतलात तर विचारायला समोर माणूस नसतो, नेपाळचा नंबर लागला तर लागला.

‘आम्ही’ बद्दल थोडं. ओळ 18 मधला ‘आम्ही’ ताईच्या घरचा होता ते क्रमावरून कळलं. पण बाकी ठिकाणी ‘आम्हाला पैसे दिले नाहीत’ असं आलं की लगेच ‘सर्व खलाशांना पैसे मिळाले नाहीत’ असं लिहू नका. नेपाळीत बरीच माणसं एकट्याबद्दल बोलतानाही ‘हामी’ म्हणजे आम्ही म्हणतात, आणि ताई ते तसंच ‘आम्ही’ करून सांगते. एक की सगळे हे विचारल्याशिवाय कळत नाही, विचारता आलं नाही तर सारांशात ‘आम्हाला’ हाच शब्द अवतरणात ठेवा आणि पुढे लिहा की यात किती जण ते स्पष्ट नाही.

आकड्यांचंही तसंच, पण थोडक्यात सांगतो. घरी पाठवलेल्या पैशाचा आकडा आला की तो भारतीय रुपयात आहे की नेपाळी ते बघा. 1 भारतीय रुपया म्हणजे 1.60 नेपाळी, हा दर बांधलेला आहे, त्यामुळे खलाशी सोळा हजार म्हणाला असेल आणि ताईने मनात हिशोब करून दहा हजार सांगितलं असेल, किंवा न करता सोळाच सांगितलं असेल. रेकॉर्डिंगमध्ये ‘आयसी’ ऐकू आलं तर तो भारतीय रुपयाबद्दल बोलतोय. बोटीवरचा पगार आणि उचल मात्र इथल्याच रुपयात असते, तिथे एवढी डोकेफोड नको.

आता लिहायला बसा. सगळ्यात वर दोन ओळींत सांगून टाका की बोलणं कोणत्या भाषेत झालं, दुभाषी कोण (नाव नको, ‘स्थानिक नेपाळी-मराठी बोलणारी महिला, व्यावसायिक दुभाषी नाही’ एवढं बस), आणि सारांश मराठी उताऱ्यावरून केलाय की मूळ नेपाळीही कोणी तपासलंय. मग खलाशाचं म्हणणं तिसऱ्या पुरुषात लिहा, ‘त्याने सांगितलं’ असं. सारांशात ‘मी’ एकदाही येऊ देऊ नका, हा माझा एकमेव कडक नियम आहे. आणि अवतरण चिन्हं जपून वापरा, कारण जे शब्द तुम्ही अवतरणात टाकताय ते खलाशाचे नाहीत, ताईचे आहेत. टाकायचेच असतील तर ‘दुभाषीच्या शब्दांत’ असं पुढे लिहा.

दुभाषीचं स्वतःचं बोलणं फेकून द्यायचं नाही, हे पण सांगतो, कारण ‘दु’ची खूण झाली की लोक ती वाक्यं सरळ गाळतात. ‘उचल तर सगळेच घेतात’ ही तिची माहिती आहे, धंद्यातल्या बाईची, उपयोगाची आहे. ‘हा घाबरतोय’ हे तर त्याहून महत्त्वाचं, ती त्याच्या शेजारी बसली होती, तिने त्याचा चेहरा बघितला, तुम्ही नाही. पण ते वेगळ्या परिच्छेदात, तिच्या नावावर.

वरच्या तुकड्याचा सारांश मी असा करीन (समजा खर्चाच्या वाक्याबद्दल अजून कोणाला विचारून झालेलं नाही):

‘खलाशाने दुभाषीमार्फत सांगितलं की महिना 15,000 रुपये पगार ठरला होता, त्यातले दोन महिने मिळाले, पुढचे नाहीत (ओळ 16). त्याने 5,000 रुपये उचल घेतली होती (21). विंचवर दोरी ओढताना हात आत गेला, तो ओरडल्यावर तांडेलने मशीन बंद केली, त्याला दवाखान्यात नेलं (24). दुभाषीने वेगळं विचारल्यावर त्याने सांगितलं की पट्टी जेटीवरच्या एका माणसाने बांधली (24). कोणीतरी खर्च देतो असं म्हणाल्याचं त्याने सांगितलं, ते मालक की तांडेल हे उताऱ्यावरून कळत नाही, तपासायचं आहे (24). खर्च दिला नाही असं त्याने सांगितलं (27).

दुभाषीने स्वतःहून सांगितलेलं: उचल सगळेच घेतात आणि तिच्या घरच्यांनीही 10,000 रुपये घेतली होती (18). तिच्या मते थोडा खर्च मिळाला असावा आणि खलाशी सांगायला घाबरत असावा (27). हे खलाशाचं म्हणणं नाही.’

कंसातले ओळींचे नंबर छापील पानावर नको असतील तर शेवटी काढा, पण लिहिताना ठेवाच. कारण तपासणी त्यांच्यावरच चालते: एकेक वाक्य घ्या, नंबरची ओळ उघडा, समासातली खूण बघा. परिच्छेदात ‘ख’ची वाक्यं आहेत आणि खूण ‘दु’ निघाली तर वाक्य हलवा. नंबरच सापडत नसेल तर ते वाक्य तुम्ही डोक्यातून लिहिलंय, काढून टाका. अजून एक बघायचं, नेपाळी किती वेळ चाललं आणि मराठी किती आलं. 48 सेकंदांतून पाच वाक्यं आली ते ठीक, पण दोन मिनिटं नेपाळी आणि मग फक्त ‘नाही म्हणतोय’ असं असेल तर बरंच काही गाळलं गेलंय, तिथे सारांशात ‘उत्तर मोठं होतं, दुभाषीने थोडक्यात सांगितलं’ असं लिहा आणि तो भाग दुसऱ्या नेपाळी जाणणाऱ्याकडून ऐकून घ्या, शक्यतो त्याच वाडीतला नको, नाहीतर संध्याकाळपर्यंत मालकाला कळतं कोण काय बोललं.

शेवटी सारांश खलाशाला वाचून दाखवायचा. ताई एकेक वाक्य नेपाळीत सांगेल, तो हो-नाही म्हणेल, आणि हेही रेकॉर्ड करा. यावेळी मात्र सुरू करायच्या आधी तिला सांगा की ताई, तुमचं स्वतःचं काही असेल तर आधी ‘हे माझं’ म्हणा. बहुतेक जणी हसतात आणि मग व्यवस्थित पाळतात. त्याने काही दुरुस्त केलं तर जुनं वाक्य खोडू नका, खाली तारखेसकट लिहा की वाचून दाखवल्यावर त्याने असं सांगितलं, आणि फाइलमध्ये मूळ उतारा, खुणा केलेली प्रिंट आणि दोन्ही रेकॉर्डिंग एकत्र ठेवा.